सहा दशांश मिलिमीटरचा दाब

जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलुंड किंवा घाटकोपरच्या कुठल्याही इमारतीच्या गच्चीवर गेलात, तर पाण्याच्या टाकीशेजारी एक दृश्य हमखास दिसतं. भिंतीवर प्लॅस्टिकचा छोटा डबा, त्यावर दुधाची किंवा भाजीची पिशवी उलटी घातलेली आणि पिशवीच्या तोंडाशी सुतळीची गाठ. डब्यात टाकीची पातळी मोजणारं सर्किट असतं. टाकी भरली की तळमजल्यावरचा पंप त्याने बंद करायचा असतो. डब्याला झाकण आहे, चार स्क्रू आहेत, बहुतेकदा झाकणाखाली रबराची पट्टीही आहे. तरी पिशवी लागते, कारण पाणी आत जातं हे सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला अनुभवाने ठाऊक असतं.

हा लेख त्या झाकणाखालच्या पट्टीबद्दल, म्हणजे गॅस्केटबद्दल आहे. ती टीपीयू नावाच्या लवचिक प्लॅस्टिकमधून थ्रीडी प्रिंटरवर बनवायची ठरवली तर काय होतं, याची गोष्ट मला मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात पाहायला मिळाली. दोन-तीन माणसांचा हा गाळा छोट्या प्रमाणावर यंत्रांचे सुटे भाग, डबे, ब्रॅकेट बनवतो. मुलुंड पश्चिमेच्या एका सोसायटीच्या सगळ्या इमारतींसाठी मिळून वीसेक डबे करायचे होते. डबा तिथेच छापायचा होता, एएसए प्लॅस्टिकमध्ये, कारण ते उन्हात लवकर खराब होत नाही. प्रश्न उरला गॅस्केटचा.

पहिला विचार कुणीही करील तोच त्यांनीही केला. नागदेवीच्या बाजारात जाऊन सिलिकॉनची दोरी आणायची, खाचेत बसवायची, दोन टोकं चिकटवायची. गाळ्यातली डिझाइनर मला म्हणाली, "साधा चौकोनी डबा असता ना, तर मी आजही तेच केलं असतं. विकत मिळणारी सिलिकॉनची दोरी कुठल्याही छापील गॅस्केटपेक्षा जास्त टिकते." पण या डब्याच्या एका बाजूला केबल आत घेण्यासाठी खाच होती आणि झाकणाची कड तिथे आत वळत होती. त्या वळणावर दोरी वर उचलली जायची. शिवाय इलेक्ट्रिशियन झाकण उघडून पालथं धरतो तेव्हा दोरी खाली पडते, आणि परत बसवताना ती पूर्वीसारखी बसेलच याची खात्री नसते. रबराचा साचा करून घ्यावा तर वीस नगांसाठी खर्च परवडत नाही. म्हणून छापायचं ठरलं: खाचेच्या नेमक्या आकाराचं, खाचेला धरून राहणाऱ्या छोट्या खुंट्या असलेलं.

उपनगरांत थ्रीडी प्रिंटिंग नवं नाही. अंधेरी पूर्वेला 'मेकर्स असायलम' नावाची सामायिक कार्यशाळा अनेक वर्षं होती. २०२० च्या टाळेबंदीत तिने 'एम-१९' या नावाने फेस शील्डची मोहीम चालवली आणि ती देशभरातल्या मेकर्सपर्यंत पोचली. त्याच काळात इटलीतल्या इसिनोवा या कंपनीने पाण्यात पोहण्याच्या मास्कला श्वसनयंत्राची नळी जोडणारा व्हॉल्व्ह छापला होता. त्या गोष्टीतली एक बारीक बाब इथे महत्त्वाची आहे. छापलेला भाग होता कडक व्हॉल्व्ह. चेहऱ्याला घट्ट बसणारी मऊ कड मास्कची मूळचीच होती, कारखान्यात साच्यातून आलेली. मऊ आणि घट्ट बसणारी वस्तू छापणं हा वेगळा विषय आहे.

टीपीयू म्हणजे थर्मोप्लॅस्टिक पॉलियुरेथेन. पॉलियुरेथेनची रसायनशास्त्रातली सुरुवात १९३७ मध्ये जर्मनीत ओट्टो बायर यांनी केली. वितळवून पुन्हा घडवता येणारं टीपीयू अमेरिकेत बी. एफ. गुडरिच कंपनीने १९५९ मध्ये 'एस्टेन' या नावाने बाजारात आणलं. त्याच्या रेणूसाखळीत मऊ आणि कडक असे तुकडे आळीपाळीने असतात. मऊ तुकडे ताणले जातात, कडक तुकडे एकमेकांना धरून गाठीसारखे राहतात. रबरात या गाठी गंधकाने किंवा दुसऱ्या रसायनाने कायमच्या बांधलेल्या असतात. टीपीयूतल्या गाठी उष्णतेने सुटतात. म्हणून ते प्रिंटरमध्ये वितळतं, आणि म्हणूनच सतत दाबून ठेवलं की हळूहळू दाबलेल्या आकाराचंच होऊन जातं. या दुसऱ्या गुणाकडे पुढे परत यावं लागणार आहे.

मऊपणा मोजतात तो शोअर या मापाने. नेहमीच्या वापरातलं रबरी गॅस्केट शोअर 'ए' मापावर साठ-सत्तरच्या आसपास असतं. बाजारात सहज मिळणारं, प्रिंटरमध्ये त्रास न देता चालणारं टीपीयू ९५ ए असतं. हातात घेतलं तर वाकतं, पिळता येतं, त्यामुळे मऊ वाटतं. सत्तर आणि पंचाण्णव यांत पंचवीसचाच फरक असल्याने ते रबरापेक्षा थोडंसंच कडक असेल असाही समज होतो. तो चुकीचा आहे. शोअरचं माप वरच्या टोकाला दाट होत जातं. शोअरवरून ताठरपणा काढण्याचं गेंट यांचं सूत्र रबरतंत्रज्ञानात रूढ आहे. त्याने हिशेब केला तर ७० ए चा ताठरपणा साधारण साडेपाच मेगापास्कल येतो, ८५ ए चा तेरा आणि ९५ ए चा चव्वेचाळीस. म्हणजे ९५ ए चं टीपीयू ओळखीच्या रबरापेक्षा आठपट ताठर आहे.

गाळ्यातलं पहिलं गॅस्केट रबराच्या पट्टीची नक्कल होतं: तीन मिलिमीटर रुंद, दोन मिलिमीटर जाड, भरीव. रबरी गॅस्केट जाडीच्या पाव हिश्श्याइतकं दाबावं असा सर्वसाधारण संकेत आहे. तो धरून अर्धा मिलिमीटर दाब ठेवला होता. डब्याचा घेर ३६० मिलिमीटर. आता हिशेब करून पाहू. ३६० गुणिले ३ म्हणजे १०८० चौरस मिलिमीटर क्षेत्र. चव्वेचाळीसचा पाव म्हणजे दर चौरस मिलिमीटरला अकरा न्यूटन. गुणाकार जवळपास बारा हजार न्यूटन होतो, म्हणजे बाराशे किलोचं ओझं. प्रत्यक्षात पट्टीला बाजूला फुगायला जागा कमी असते, त्यामुळे आकडा याहूनही वर जातो. एवढं बळ चार कोपऱ्यांतल्या चार एम-३ स्क्रूंकडून मागायचं, आणि तेही प्लॅस्टिकमध्ये गरम करून बसवलेल्या पितळी इन्सर्टमध्ये!

ते अर्थातच मिळत नाही. मिळत नाही तेव्हा काय होतं हे डिझाइनरने मला अंधारात दाखवलं. डब्यात मोबाइलचा टॉर्च लावून ठेवला, झाकण घट्ट बसवलं आणि गाळ्यातले दिवे बंद केले. चारही कोपरे काळेकुट्ट होते. दोन स्क्रूंच्या मधोमध, लांब बाजूंवर, केसाएवढी प्रकाशाची रेघ दिसत होती. गॅस्केट दबलंच नव्हतं, झाकणच वाकलं होतं. स्क्रू जितके आवळावे तितके कोपरे खाली जातात आणि मधला भाग वर येतो. इलेक्ट्रिशियन अशा वेळी स्क्रू आणखी आवळतो आणि गळती वाढते.

"ताई, मऊवालं घ्या ना मग," असं तिथल्या मदतनिसाने सुचवलं होतं. तेही करून पाहिलं. ८५ ए च्या टीपीयूत तोच हिशेब साडेतीनशे किलोंवर येतो. म्हणजे अजूनही झाकण वाकणारच. साध्या सत्तर रबरालाही या चपट्या पट्टीच्या आकारात दीडशे किलो लागले असते. रबरातदेखील चपटी पट्टी हा सोयीचा आकार नाही, हे त्यावरून कळतं. ओ-रिंग गोल का असते याचं कारण इथे आहे. नील्स क्रिस्टेन्सन यांना १९३९ मध्ये ज्या ओ-रिंगचं अमेरिकी पेटंट मिळालं, तिचं मर्म रिंगइतकंच खाचेत आहे. गोल दोरी सुरुवातीला एका रेषेतच टेकते, त्यामुळे कमी बळात दबते. आणि खाच दोरीपेक्षा रुंद असते, त्यामुळे दबलेल्या रबराला सरकायला रिकामी जागा मिळते. रबर काय किंवा टीपीयू काय, दोन्ही दाबल्यावर आकसत नाहीत, फक्त आकार बदलतात. खाच काठोकाठ भरलेली असेल तर तुम्ही दगड दाबत आहात असं समजा.

इथून पुढे डिझाइनचा रस्ता बदलला. पदार्थ दाबण्याऐवजी तो वाकवायचा. प्लॅस्टिकची फूटपट्टी उभी धरून दाबली तर हलत नाही, पण आडवी धरून बोटाने वाकवता येते. पदार्थ तोच असतो. गॅस्केटची नवी आकृती अशी आहे: खाचेच्या तळाशी एक मिलिमीटर जाडीचा पाया आणि पायावरून बाहेरच्या बाजूला पंचेचाळीस अंशात झुकलेली पातळ भिंत. गाळ्यात तिला 'लिप' म्हणतात. लिपची तिरकी लांबी तीन मिलिमीटर, म्हणजे उंची २.१. पायासकट गॅस्केट ३.१ मिलिमीटर उंच. खाच २.५ मिलिमीटर खोल. झाकण डब्याच्या कडेवर टेकलं की लिप बरोबर ०.६ मिलिमीटर खाली दबलेली असते, त्याहून जास्तही नाही आणि कमीही नाही. झाकण प्लॅस्टिकवर टेकतं, त्यामुळे स्क्रू कुणी कितीही आवळला तरी दाब बदलत नाही. डिझाइनरच्या मते सगळ्या आकृतीत ही गोष्ट सर्वांत मोलाची आहे, आणि मला ते पूर्ण पटतं. गच्चीवर पावसात उभा राहून स्क्रू लावणाऱ्या माणसाच्या मनगटावर दाबाचं माप सोडता येत नाही.

आता त्या लिपच्या जाडीकडे येऊ, कारण प्रिंटिंगमधली खरी गंमत तिथे आहे. वाकणाऱ्या पट्टीचा ताठरपणा जाडीच्या घनाने वाढतो. जाडी दुप्पट केली तर बळ आठपट लागतं. प्रिंटरचं नोझल ०.४ मिलिमीटरचं असेल तर भिंत साधारण ०.४ च्या पटीतच बनते: एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा. मधली जाडी आखली तर स्लायसर रेघांच्या रुंदीशी ओढाताण करतो किंवा मध्ये फट सोडतो. एका रेघेची भिंत सर्वांत लवचिक, पण टीपीयूत ती पाणी अडवू शकत नाही. कुठेतरी रेघ तुटते, कुठेतरी बुडबुडा फुटतो आणि उजेडात धरलं की सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात. दोन रेघांपासून पुढे एकीचं भोक दुसरीने झाकलं जाण्याची शक्यता चांगली असते.

इथे तिरकेपणाचा एक हिशेब लपलेला आहे. प्रिंटर आडवे थर घालतो. पंचेचाळीस अंशात झुकलेल्या भिंतीचा आडवा काप तिच्या खऱ्या जाडीपेक्षा रुंद असतो. आडव्या कापात दोन रेघा, म्हणजे ०.८ घेतलं, तर भिंतीची खरी जाडी ०.५७ मिलिमीटरच राहते. तीन रेघा, म्हणजे १.२ घेतलं, तर ०.८५. गाळ्याने तीन रेघा निवडल्या. ९५ ए साठी हिशेब केला तर दर मिलिमीटर घेराला ०.३ न्यूटन येतो. ३६० मिलिमीटरला १०८ न्यूटन, म्हणजे अकरा किलो. चार स्क्रूंवर वाटलं तर प्रत्येकी तीन किलोंहून कमी. बाराशे किलोंवरून अकरा किलोंवर, आणि पदार्थ तोच राहिला.

आणखी एक फायदा होतो. भरीव पट्टीत सगळा पदार्थ पंचवीस टक्के दबलेला असतो. लिप उंचीच्या मानाने तेवढीच, अठ्ठावीस टक्के, खाली येते. पण तिच्या पृष्ठभागावरचा ताण जास्तीत जास्त बारा टक्क्यांच्या आसपास असतो. कमी ताणलेलं टीपीयू आपला आकार जास्त काळ लक्षात ठेवतं. आणि झाकण छापताना ते दोन दशांश मिलिमीटरने इकडेतिकडे वाकलं, जे एएसएमध्ये अगदी साधं आहे, तर लिप कुठे ०.४ आणि कुठे ०.८ दबेल आणि दोन्हीकडे काम करील. भरीव पट्टीच्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये तेवढ्या फरकाला जागाच नव्हती.

कोपऱ्यांनी मात्र त्रास दिला. लिप बाहेरच्या बाजूला वाकते, त्यामुळे कोपऱ्यात तिचा घेर वाढावा लागतो. सुरुवातीला कोपऱ्याची गोलाई दोन मिलिमीटर होती. एवढ्या लहान वळणावर लिपला जवळजवळ वीस टक्के ताणावं लागतं, ती वाकत नाही आणि झाकण कोपऱ्यावर तोलून राहतं. गोलाई आठ मिलिमीटर केली तेव्हा ताण पाच टक्क्यांवर आला आणि झाकण बसलं. डब्याचा कोपरा त्यासाठी बाहेरूनही गोल करावा लागला. गॅस्केट शेवटी आखायचं नसतं, डब्याबरोबरच आखायचं असतं. बहुतेक वाईट गॅस्केटं डबा आधी पक्का करून टाकल्यामुळे वाईट झालेली असतात.

दाब बरोबर असूनही बादलीत बुडवल्यावर एका डब्यात थेंब सापडले. कारण लिपमध्ये नव्हतं, झाकणात होतं. छापलेल्या वस्तूच्या वरच्या पृष्ठभागावर प्रिंटर तिरक्या रेघा भरतो. दोन रेघांच्या मध्ये बारीक चर असते. लिप जिथे टेकते तिथे अशी प्रत्येक चर बाहेरून आत जाणारी नाली होते. ९५ ए चं टीपीयू त्या चरीत उतरून ती भरण्याइतकं मऊ नसतं. मऊ रबर उतरलं असतं. मग झाकण पालथं छापलं, लिप टेकणारी बाजू प्रिंटरच्या गुळगुळीत पत्र्यावर. तसं जमत नसेल तेव्हा OrcaSlicer मध्ये `Top surface pattern` हा पर्याय `Concentric` करतात, म्हणजे रेघा कडेला समांतर फिरतात. गॅस्केटवरच्या थरांच्या पायऱ्या आपोआपच समांतर असतात, त्यामुळे त्यांनी पाणी आत येत नाही. उलट प्रत्येक पायरी एक छोटा बांध असतो. आडवी जाणारी रेघ गळते, बरोबर चालणारी गळत नाही.

याच नियमाने जोडाची जागाही ठरते. प्रत्येक थर कुठेतरी सुरू होतो आणि तिथेच संपतो, आणि त्या जागी बारीक गाठ राहते. ती लिपला आडवी असते. गाळ्यात ती वरच्या सरळ बाजूवर, डब्याच्या छपरीखाली ठेवतात. कोपऱ्यात नाही, कारण तिथे लिप आधीच ताणलेली असते. आणि खालच्या बाजूला तर नाहीच, कारण ओघळून आलेलं पाणी तिथेच लोंबतं. भरण म्हणून जाळी अजिबात वापरत नाहीत, सगळा छेद सलग फिरणाऱ्या रेघांचाच. वेग सेकंदाला पंचवीस मिलिमीटरच्या आसपास, नोझल २२५ अंश. घाई केली की टीपीयू एक्स्ट्रूडरच्या दातांखाली चुरगळतं आणि रेघ बारीक होते. पातळ भिंतीत ते लगेच उठून दिसतं.

तपासणीची एक पद्धत मला फार आवडली. लिपच्या टोकावर स्टॅम्पपॅडची शाई हलकेच लावायची, झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरा कागद ठेवायचा, स्क्रू लावायचे आणि लगेच काढायचे. कागदाच्या जाडीएवढा दाब वाढतो, ते गृहीत धरायचं. कागदावर सलग बंद रेघ उमटली पाहिजे. ती जिथे जाड होते तिथे झाकण वाकलंय. जिथे तुटते तिथे पाणी येणार. माझ्या हातात दिलेल्या कागदावर रेघ सगळीकडे सारखी होती, फक्त केबलच्या खाचेजवळच्या वळणावर तिचा रंग फिकट झाला होता. डिझाइनरने तिथे पेन्सिलने गोल केला आणि त्या वळणाखालचा पाया ०.१ मिलिमीटरने उंच केला. भिंगातून पाहिलं तर रेघेत थरांच्या पायऱ्यांच्या दोन-तीन समांतर छटाही दिसत होत्या.

बादलीच्या चाचणीत पास झालेला डबा पहिल्या पावसात गळू शकतो, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. सोसायटीचे सेक्रेटरी वैतागून म्हणाले होते, "अगं, तुमच्याकडे पाण्यात बुडवून आणलेला डबा आमच्याकडे पावसात कसा काय भरतो?" तिने त्यांना दिलेलं उत्तर असं: "काका, पाऊस डब्यावर पडत नाही, डबा पाऊस आत ओढतो." दुपारच्या उन्हात काळ्या डब्याच्या आतली हवा साठ अंशांपर्यंत तापू शकते. त्यावर अचानक सर आली की डबा तीस अंशांवर येतो. बंद हवेचा दाब त्याने नऊ टक्क्यांनी उतरतो. हे बळ जवळपास नव्वद सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढं आहे, आणि नेमक्या त्याच क्षणी बाहेर झाकणाच्या सगळ्या कडेवर पाणी उभं असतं. बादलीत डबा वीतभर पाण्याखाली असतो. गच्चीवर तो अचानक जवळजवळ एक मीटर पाण्याखाली गेल्यासारखा होतो.

लिप बाहेरच्या बाजूला का झुकवली याचं उत्तर इथे मिळतं. बाहेरचा दाब वाढला की तो लिपच्या खालच्या पोकळीत शिरून तिला झाकणाकडे ढकलतो. आतल्या बाजूला झुकवली असती तर त्याच दाबाने ती झाकणापासून सुटली असती. तरीही एवढ्यावर अवलंबून राहू नये. डब्याच्या तळाला त्यांनी श्वास घेणारा व्हेंट प्लग बसवला. त्यातल्या पडद्यातून हवा जाते, पाणी जात नाही, आणि बाहेर उघड्यावर असलेल्या दिव्यांच्या डब्यांतही असे प्लग वापरतात. दाबाचा फरक साचायच्या आधीच हवा आत येते. चांगल्या गॅस्केटला सांभाळायला व्हेंट लागतो, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण पूर्ण बंद डबा हाच गॅस्केटचा मोठा शत्रू आहे.

मुंबईची हवा या कामात दोनदा आडवी येते. एकदा छापताना. टीपीयू हवेतली वाफ शोषतं, आणि जून ते सप्टेंबर इथे उघडं ठेवलेलं स्पूल रात्रीतून खराब होतं. ओल्या फिलामेंटची ओळख सोपी आहे: नोझलमधून हवेत थोडं सोडलं की चर्र असा बारीक आवाज येतो, तुटक फटफट ऐकू येते आणि धागा गुळगुळीत चकचकीत न निघता फेसाळ, निस्तेज निघतो. ते बुडबुडे लिपमधली भोकं होतात. म्हणून स्पूल पन्नास-पंचावन्न अंशांवर सहा-आठ तास सुकवतात आणि सिलिका जेल ठेवलेल्या बंद पेटीतूनच प्रिंटरला देतात.

दुसऱ्यांदा हवा आडवी येते ती वापरात. कपाटात ठेवलेले बूट दोन-तीन पावसाळ्यांनंतर काढावेत आणि सोल हातात भुगा होऊन यावा, हा अनुभव मुंबईत घरोघरी आहे. तो सोल बहुतेक वेळा पॉलिएस्टर जातीच्या पॉलियुरेथेनचा असतो. ओल आणि उष्णता मिळून त्याच्या रेणूसाखळ्या तोडतात. टीपीयूच्याही दोन जाती असतात: पॉलिएस्टर आणि पॉलिइथर. पॉलिएस्टर तेलाला आणि घासण्याला चांगलं, पॉलिइथर पाण्याला आणि बुरशीला. गच्चीसाठी पॉलिइथर घ्यायचं. स्पूलच्या खोक्यावर हे क्वचितच लिहिलेलं असतं, ते विक्रेत्याकडून डेटाशीट मागवून पाहावं लागतं. सांताक्रूझच्या वेधशाळेने २६ जुलै २००५ ला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. पण गॅस्केट मारणारा पाऊस तो नसतो; त्याला मारते ती चार महिन्यांची उबदार ओल.

आता त्या दबून बसण्याच्या गुणाकडे येऊ. रबराच्या उद्योगात तो मोजण्याची ठरलेली पद्धत आहे. नमुना ठराविक उंचीपर्यंत दाबून ठेवायचा, ठराविक काळ तापवायचा, सोडायचा, अर्धा तास थांबायचा आणि किती परत आला ते पाहायचं. जेवढं दाबलं होतं त्यातलं जेवढं परत आलं नाही, तो हिस्सा टक्क्यांत. गाळ्यात हे साध्या साधनांनी करतात. चार मिलिमीटर उंचीची छापलेली गोळी दोन पत्र्यांमध्ये ठेवतात आणि तीन मिलिमीटरचे वॉशर लावून नट आवळतात. ही जोडी गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली काही दिवस ठेवतात आणि मग व्हर्नियरने मोजतात. गोळी ३.६ पर्यंत परत आली तर एक मिलिमीटरपैकी ०.४ गेलं, म्हणजे चाळीस टक्के. नव्या कंपनीचं स्पूल आलं की त्यांची पहिली चाचणी हीच असते. रंग किंवा नाव बदललं की आकडा बदलतो, असं त्यांचं म्हणणं आहे.

या गुणामुळे टीपीयूचं गॅस्केट कुठे वापरू नये हेही ठरतं. मुलुंडच्या त्याच सोसायटीतल्या एका आजींनी डबे पाहून विचारलं होतं, कुकरची रिंग अशी छापून मिळेल का? त्यांच्या जुन्या कुकरची रिंग आता मिळत नाही. उत्तर ठाम 'नाही' असं होतं. कुकरच्या आत एकशेवीस अंशांच्या आसपास वाफ असते. त्या तापमानाला टीपीयूतल्या गाठी ढिल्या पडतात, रिंग एका स्वयंपाकात दबून बसते आणि वाफ वाट सापडेल तिथून निघते. छापलेल्या थरांच्या फटींत अन्न अडकतं ते वेगळंच. गिझर, मोटारीचं इंजिन, पिण्याच्या पाण्याचे दाबाचे नळ यांच्यासाठीही तेच उत्तर. टीपीयूची जागा साध्या तापमानाला, कमी दाबाला, अधूनमधून उघडणाऱ्या झाकणाखाली आहे.

एक वर्ष गच्चीवर काढलेली काही गॅस्केटं मे महिन्यात उतरवून आणली होती. नवीन असताना लिपसकट ३.१ मिलिमीटर असलेली उंची आता २.८ वर आली होती. ०.६ पैकी ०.३ गेलं होतं, बरोबर अर्धं. उरलेल्या ०.३ मध्ये झाकणाचा दोन दशांशाचा वाक वजा केला तर हातात एक दशांश उरतो. डबे कोरडे होते, आतल्या सर्किटवर गंज नव्हता. पण एका दशांशावर दुसरा पावसाळा काढायचा नाही असं त्यांनी ठरवलं. सोसायटीबरोबरच्या कागदात आता एक ओळ आहे: दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात गॅस्केट बदलायचं, जुनं परत द्यायचं. परत आलेल्या प्रत्येक गॅस्केटची उंची लांब बाजूच्या मध्यावर आणि कोपऱ्यावर मोजून वहीत लिहिली जाते. वहीच्या पुढच्या पानावर लिपची लांबी साडेतीन आणि दाब ०.८ धरून केलेल्या नव्या आकृतीचे रकाने आखलेले आहेत, अजून रिकामे.